गणितात राहिलेल्या विद्यार्थ्यास : पुन्हा परीक्षेला बसण्यापूर्वी

प्रश्न : सर, मला दहावीत गणितात २६ गुण मिळाले. त्यात अंतर्गत मूल्यमापनाचे १७ आहेत, म्हणजे दोन्ही पेपर मिळून फक्त ९. बाकीचे सगळे विषय सुटले. आमच्या वर्गात मी एकटाच राहिलो. बीजगणितात मी जास्त गुणांच्या प्रश्नांपासून सुरुवात केली आणि त्यांतच वेळ गेला. भूमितीची प्रमेये पाठ केली होती, पण पेपरात काय लिहावे ते सुचेना. बाबा बोटीवर खलाशी आहेत. काका म्हणतात, बंदी उठली की तूही ये, परत परीक्षेला बसून काय होणार आहे? आईला वाटते मी पुरवणी परीक्षा द्यावी. मला भीती वाटते की मी पुन्हा नापास होईन. काय करू?
— एक विद्यार्थी, मालवण तालुका

उत्तर :

प्रिय विद्यार्थी मित्रा,

अनेक आशीर्वाद. तू पुरवणी परीक्षेला बसावेस असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत तुला बरे वाटावे म्हणून मी देत नाही. तू स्वतःच कळवलेल्या आकड्यांवरून ते बनले आहे.

गणिताच्या शंभर गुणांपैकी ४० बीजगणिताच्या पेपराचे, ४० भूमितीच्या पेपराचे आणि २० अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. उत्तीर्ण होण्यासाठी ३५ लागतात. तुझे अंतर्गत १७ गुण धरले, तर लेखी परीक्षेच्या ८० गुणांतून तुला १८ मिळवायचे होते आणि तुला त्यांच्या निम्मे मिळाले. म्हणजे अंतर फक्त नऊ गुणांचे आहे. अर्ज भरताना मुख्याध्यापकांना एक गोष्ट मात्र विचारून घे : हे अंतर्गत गुण पुरवणी परीक्षेत तसेच धरले जातील ना? त्यासाठी शाळेकडून काही कागद जायचा असेल, तर तो वेळेत गेला पाहिजे.

आता पेपराची रचना पाहा. तुझे नुकसान अभ्यासापेक्षा तिच्यामुळे जास्त झाले, असे मला वाटते. दोन्ही पेपर एकाच साच्याचे असतात. पहिल्या प्रश्नात चार बहुपर्यायी आणि चार एकेका गुणाचे उपप्रश्न मिळून आठ गुण असतात. दुसऱ्या प्रश्नाचा पहिला भाग कृतींचा असतो. त्यात उदाहरण जवळजवळ सोडवून दिलेले असते आणि रिकाम्या चौकटी भरायच्या असतात. तीनपैकी दोन कृतींना चार गुण मिळतात. त्याच प्रश्नाच्या दुसऱ्या भागात पाचपैकी चार लहान उदाहरणांना आठ गुण आहेत. म्हणजे पहिले दोन प्रश्न मिळून प्रत्येक पेपरात वीस गुण होतात आणि दोन्ही पेपरांत मिळून चाळीस. तुला हवे आहेत अठरा. चौथ्या आणि पाचव्या प्रश्नांतील उदाहरणे बऱ्याचदा पाठ्यपुस्तकात जशीच्या तशी न भेटणारी असतात. ती मुख्यतः पुढच्या श्रेणीचे गुण मिळवू पाहणाऱ्यांसाठी असतात. तू तिथून सुरुवात केलीस आणि तुझ्या हाती येऊ शकणारे वीस गुण तसेच पडून राहिले. हा क्रम उलटा केलास, तर निकालही उलटू शकतो.

म्हणून या वेळी तुझा अभ्यास पहिल्या दोन प्रश्नांसाठी आणि तिसऱ्या प्रश्नातील तीन गुणांच्या कृतीसाठी असू दे. मनात लक्ष्य मात्र अठराचे ठेवू नकोस, तिसाच्या आसपासचे ठेव. अठरावर नेम धरणाऱ्याचे चार-पाच गुण किरकोळ चुकांत गेले की तो पुन्हा तेरा-चौदावर अडकतो.

अभ्यास कुठून सुरू करायचा हे ठरवण्यासाठी आधी एक लहानशी चाचणी घे. कोरा कागद घे आणि कोणाची मदत न घेता ही पाच गणिते सोडव : 3 − 8; (−4) × (−6); 1/2 + 1/3; x + 7 = 4 असेल तर x किती; आणि 15 चे 2/5 किती. उत्तरे अनुक्रमे −5, 24, 5/6, −3 आणि 6 अशी येतात. पाचही बरोबर आली, तर थेट दहावीचे प्रकरण उघड. दोन किंवा अधिक चुकली, तर पहिला आठवडा ऋण संख्या, अपूर्णांक आणि साध्या समीकरणांना दे. यात कमीपणा वाटून घेऊ नकोस. दहावीच्या उत्तरपत्रिका तपासताना मला वारंवार दिसते की सूत्र बरोबर लिहिलेले असते, किमती बरोबर घातलेल्या असतात आणि उत्तर एका ऋण चिन्हामुळे बिघडते. शिक्षक त्या मुलाला ‘सूत्रे पाठ कर’ असे सांगत राहतात, तो ती पुन्हा पाठ करतो आणि त्याची खरी अडचण तशीच राहते.

उदाहरण घेऊन दाखवतो. x² + 6x − 5 = 0 या वर्गसमीकरणाच्या विवेचकाची किंमत काढायची आहे. इथे a = 1, b = 6 आणि c = −5 आहे. सूत्र b² − 4ac. किमती घातल्यावर 36 − 4 × 1 × (−5) असे होते. आता ऋण चारला ऋण पाचने गुणल्यावर गुणाकार धन होतो, म्हणून 36 + 20 = 56. हेच उदाहरण कच्च्या पायाचा मुलगा 36 − 20 = 16 असे सोडवतो. विशेष म्हणजे 16 हा पूर्ण वर्ग असल्याने पुढची गणितेही सुटसुटीत येतात आणि आपले चुकले आहे याची शंकासुद्धा त्याला येत नाही. यावर उपाय असा की c ऋण असेल तेव्हा सूत्रात त्याची किंमत नेहमी कंसात लिहायची आणि पुढच्या ओळीवर जाण्याआधी कंसापुढचे चिन्ह बोटाने दाखवून वाचायचे. ही सवय आठ दिवसांत लागते.

हेच ऋण चिन्ह भूमितीत पुन्हा भेटते. निर्देशक भूमितीत A(−1, 2) आणि B(3, 5) या बिंदूंमधले अंतर काढताना x निर्देशकांतील फरक 3 − (−1) = 4 येतो आणि y निर्देशकांतील फरक 3. म्हणून अंतर √(16 + 9) = 5. पहिला फरक 3 − 1 = 2 असा घेतला, की वर्गमुळात 13 येते आणि उत्तर हातचे जाते. म्हणजे एकच गोष्ट नीट केलीस, तर दोन्ही पेपरांत फायदा होईल. म्हणूनच ती चाचणी टाळू नकोस.

पाया जागेवर आला की सहाच्या सहा प्रकरणांमागे सारखे धावू नकोस. बीजगणितात मी तुला आधी तीन जागा सांगेन. पहिली अंकगणिती श्रेढी. 5, 9, 13, ... या श्रेढीचे दहावे पद काढताना सूत्र tₙ = a + (n − 1)d आहे, म्हणून 5 + 9 × 4 = 41. इथे मुले नऊऐवजी दहाने गुणतात आणि 45 लिहितात. शंका वाटली तर पदे हाताने मोजून बघावीत, दहा पदे लिहायला अर्धा मिनिटही लागत नाही. दुसरी जागा अर्थनियोजनाची. वस्तू व सेवा कराच्या उदाहरणात दर १८ टक्के दिला असेल, तर केंद्राचा ९ आणि राज्याचा ९ टक्के असा दोन समान भागांत तो विभागायचा. करपात्र किंमत २००० रुपये असेल, तर प्रत्येकी १८० रुपये कर आणि एकूण बिल २३६० रुपये. शेअरच्या उदाहरणात लाभांश नेहमी दर्शनी किमतीवर काढायचा, बाजारभावावर नाही. दर्शनी किंमत १०० रुपये, बाजारभाव १५० रुपये आणि लाभांश १२ टक्के असेल, तर एका शेअरवर १२ रुपये मिळतात, १८ नाहीत. हे एवढे वाक्य डोक्यात पक्के बसले, तरी या प्रकरणातले लहान प्रश्न सुटू लागतात. तिसरी जागा संभाव्यतेची. तिथे नमुना अवकाश पूर्ण लिहून काढण्याची शिस्त लागली की बाकी काम मोजण्याचेच उरते. याखेरीज पहिल्या प्रकरणातला दोन ओळी व दोन स्तंभांचा निश्चयक सोडवायला शीक, त्यावर एक-दोन गुणांचे प्रश्न येतात.

भूमितीत तू प्रमेये पाठ केलीस ते वाया गेले असे मी म्हणणार नाही, पण सुरुवात तिथून करू नको. आकृती वेगळ्या अक्षरांनी आली, की पाठ केलेली सिद्धता कोलमडते आणि मूल घाबरते. तुझ्या बाबतीत हेच झाले असावे. आधी निर्देशक भूमितीतले अंतराचे आणि मध्यबिंदूचे सूत्र घे, मग पायथागोरसचे प्रमेय, मग समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर. बाजूंचे गुणोत्तर 3 : 5 असेल तर क्षेत्रफळांचे 9 : 25 होते. हा एक गुणाचा प्रश्न म्हणून आला, तर दहा सेकंदांत सुटतो. त्यानंतर रचना. वर्तुळावरील बिंदूतून स्पर्शिका काढणे आणि बाहेरील बिंदूतून स्पर्शिका काढणे या दोन रचना रोज एकदा कंपासाने काढ. हात बसला की त्यांत गुण जाण्याचे कारण राहत नाही. एक मात्र कर : कंपासाने मारलेले कंस खोडू नकोस. रचनेच्या खुणा स्पष्ट दिसल्या पाहिजेत अशी सूचना प्रश्नपत्रिकेवरच छापलेली असते, तरी नीटनेटकेपणाच्या नादात मुले त्या पुसून टाकतात आणि परीक्षकाला गुण द्यायला आधार राहत नाही.

अशीच एक छापील सूचना बहुपर्यायी प्रश्नांची आहे. त्यात पहिल्या प्रयत्नात लिहिलेले उत्तरच तपासले जाते. एकदा पर्याय लिहून मग खोडून दुसरा लिहिला, तर दुसऱ्याला गुण मिळत नाहीत. म्हणून कच्चे काम बाजूला करून मगच पर्यायाचे अक्षर उपप्रश्नाच्या क्रमांकासह लिही. लहान उदाहरणांत मात्र उत्तर पूर्ण येत नसले तरी जागा कोरी सोडू नकोस. सूत्र लिही, दिलेल्या किमती लिही, सूत्रात घाल. गणितात पायऱ्यांना गुण असतात. सूत्र आणि किमती लिहून थांबलेल्या मुलाला काहीतरी मिळते, कोऱ्या जागेला काही मिळत नाही.

आता शाळेशी संबंधित कामे. ही सगळ्यांत आधी कर, कारण यांना मुदत असते. पुरवणी परीक्षेचा अर्ज शाळेमार्फत भरला जातो आणि निकालानंतर थोडेच दिवस तो घेतला जातो, नंतर विलंब शुल्क लागते. म्हणून ‘विचार करून सांगतो’ असे म्हणत दिवस घालवू नकोस. आईला घेऊन उद्याच मुख्याध्यापकांना भेट. त्याच भेटीत तुझ्या गणिताच्या उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठीही अर्ज करायला सांग. मंडळ ती विषयवार शुल्क घेऊन देते. पुनर्मूल्यांकन मागायचे असेल तर आधी छायाप्रत घ्यावी लागते आणि ती हाती आल्यापासून कामाच्या पाच दिवसांत पुढचा अर्ज करावा लागतो. तुझ्या बाबतीत पुनर्मूल्यांकनातून नऊ गुण वाढतील अशी आशा मी तुला लावणार नाही. एखादे उत्तर तपासायचे राहिले असेल किंवा बेरीज चुकली असेल, तर तेवढे दुरुस्त होते, त्यापेक्षा जास्त सहसा नाही. तरी छायाप्रत मागव असे मी आग्रहाने सांगतो, कारण तुझ्यासाठी त्याहून चांगले पाठ्यपुस्तक नाही.

ती कशी वाचायची ते सांगतो. लाल पेन आणि एक वही घेऊन बस. प्रत्येक उपप्रश्नापुढे, गुण का गेला, हे तीनपैकी एका कारणाखाली लिही : हात लावला नाही; रीत येत होती पण हिशेबात किंवा चिन्हात चुकले; रीतच माहीत नव्हती. सोडवायचे राहिलेले प्रश्न पेपरातला क्रम बदलला की कमी होतात. हिशेबाच्या चुका वर सांगितलेल्या सवयींनी कमी होतात. खरा नवा अभ्यास फक्त तिसऱ्या खान्यासाठी करायचा आहे. माझा अंदाज आहे की तुझा पहिला खाना सर्वांत लांब निघेल. तसा निघाला, तर तुझी भीती निम्म्याने कमी झाली पाहिजे, कारण प्रश्न येत नसणे आणि प्रश्नापर्यंत पोचलेलेच नसणे यांत फार फरक आहे. अर्थात छायाप्रत यायला वेळ लागतो. तिची वाट पाहत अभ्यास थांबवू नकोस आणि अर्जही अडवू नकोस.

तुझ्या काकांचे म्हणणे मी हलके लेखत नाही. ज्या घरात बोटीच्या हिश्श्यावर महिना चालतो, तिथे कमावत्या वयात येणाऱ्या मुलाबद्दल असा विचार होणे स्वाभाविक आहे. पण तारखा पाहा. आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै असते आणि पुरवणी परीक्षा साधारण जूनच्या अखेरीपासून जुलैत होते. २०२५ मध्ये ती २४ जूनला सुरू झाली होती. ज्या आठवड्यांत तुला अभ्यास करायचा आहे, त्याच आठवड्यांत बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. काकांची बोट ऑगस्टमध्ये निघेपर्यंत तुझे पेपर होऊन गेलेले असतील. म्हणजे परीक्षा दिल्याने बोटीवरचा एकही दिवस बुडत नाही. हे तू काकांना शांतपणे, दिनदर्शिका पुढे ठेवून सांग. आणि पुढे समुद्रातच काम करायचे ठरले, तरी दहावी लागतेच. व्यापारी जहाजांवर खलाशी म्हणून जाण्यासाठीच्या जीपी रेटिंग प्रशिक्षणाला दहावी उत्तीर्ण असण्याची अट आहे आणि त्यात गणित, विज्ञान, इंग्रजी हे विषय पाहिले जातात. आयटीआयच्या बहुतेक अभ्यासक्रमांनाही दहावी उत्तीर्णच लागते. तू एकाच विषयात राहिला आहेस, म्हणून नियमाप्रमाणे अकरावीला तात्पुरता प्रवेशही घेता येतो. तो घेतलास तरी गणित सोडवणे मागे टाकू नकोस. राहिलेला विषय जितका लांबतो तितका तो जड होत जातो, हे मी अनेक मुलांच्या बाबतीत पाहिले आहे.

पुन्हा नापास होण्याच्या भीतीबद्दल एवढेच सांगतो की त्याने आताच्या स्थितीपेक्षा वाईट काही होत नाही. तुझे सुटलेले विषय सुटलेलेच राहतात, ते पुन्हा द्यावे लागत नाहीत आणि फेब्रुवारी-मार्चची संधी पुढे असतेच. पण न बसल्यास जे होते ते मात्र नक्की वाईट आहे : आज गणित जेवढे आठवते, तेवढे आठ महिन्यांनी आठवणार नाही.

वर्गात एकटाच राहिल्याचे तू लिहिले आहेस, ते मनाला लागले. आपल्या रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांच्या कोकण विभागीय मंडळाचा निकाल राज्यात नेहमी वरचा असतो. २०२५ मध्ये दहावीचा निकाल राज्याचा ९४.१० टक्के होता आणि कोकणाचा ९८.८२. इतरत्र एका वर्गातली पाच-सात मुले राहतात, ती एकमेकांच्या सोबतीने पुन्हा बसतात. आपल्याकडे गावात एखादाच राहतो आणि पेढे वाटणाऱ्या वाडीत त्याला दाराबाहेर पडावेसे वाटत नाही. या एकटेपणातूनच बरीच मुले अर्ज भरत नाहीत, असा माझा अनुभव आहे. गणित न येणे हे त्यांच्या गळतीचे पहिले कारण नसते. म्हणून एक विनंती करतो. तुझ्याबरोबरच्या, उत्तीर्ण झालेल्या एका मित्राच्या घरी आठवड्यातून दोनदा जा आणि त्याला उदाहरण समजावून सांग. त्याने तुला शिकवायचे नाही, तू त्याला शिकवायचे. कुठे अडतोस ते त्यामुळे लगेच कळेल आणि दाराबाहेर पडण्याचे कारणही मिळेल. तुझ्या गणिताच्या सरांना किंवा बाईंनाही जाऊन भेट. एक नापास झालेला मुलगा स्वतः वही घेऊन आला, तर त्याला परत पाठवणारा शिक्षक मी अजून पाहिलेला नाही.

अभ्यासाची वेळ पावसाप्रमाणे ठरव. जूनमध्ये मालवणात संध्याकाळची वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, म्हणून अवघड भाग सकाळच्या उजेडात आणि नुसती सूत्रे लिहून काढणे संध्याकाळी, अशी वाटणी ठेव. दिवसाला तीन तास पुरेत, पण ते रोज झाले पाहिजेत. शेवटच्या आठ-दहा दिवसांत जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडव. पेपर दोन तासांचा असतो आणि गेली काही वर्षे शेवटी दहा मिनिटे वाढीव मिळतात. तू सराव मात्र दोनच तासांचा कर. पहिला प्रश्न पंधरा मिनिटांत, दुसरा पुढच्या चाळीस मिनिटांत आणि मग तिसऱ्या प्रश्नातली कृती, हा क्रम हाताला बसू दे. एवढे झाल्यावर चौथ्या प्रश्नाकडे न जाता मागे फिर आणि प्रत्येक ऋण चिन्ह एकदा तपास. मगच उरलेल्या वेळात मोठ्या उदाहरणांना हात घाल.

या सरावाला बाबांना बसव. बंदीच्या दिवसांत ते घरीच असतील. त्यांना गणित येण्याची गरज नाही. त्यांनी घड्याळ घेऊन समोर बसायचे, पंधरा मिनिटे झाली की सांगायचे आणि दोन तास झाल्यावर वही काढून घ्यायची. घरातल्यांनी परीक्षेत असा भाग घेतला, की ‘बसून काय होणार’ हा प्रश्न हळूहळू विचारला जात नाही.

प्रवेशपत्र हाती आले की केंद्राचे नाव आधी वाच. पुरवणी परीक्षेला मुले कमी असल्याने केंद्रेही कमी असतात आणि तुझे केंद्र तुझ्या शाळेत असेलच असे नाही. ते तालुक्याच्या गावी असेल, तर आदल्या दिवशी एकदा तिथे जाऊन ये आणि सकाळची कोणती एसटी वेळेत पोचवते ते विचारून ठेव. पावसात वहाळ भरला की आपल्याकडे गाड्या थांबतात, म्हणून अकराच्या पेपरासाठी जी गाडी साडेदहाला पोचते, तिच्या आधीची गाडी धर. जाताना प्रवेशपत्र, कंपास आणि पेन्सिल प्लास्टिकच्या पिशवीत ठेव.

तुझा,
सर